बिटकॉइनच्या डिफिकल्टीला आणीबाणीचे बटण नको

जून २०२१ च्या अखेरीस बिटकॉइनचे ब्लॉक, म्हणजे त्याच्या व्यवहारांचे गठ्ठे, रेंगाळायला लागले होते. दहा मिनिटांनी यायचा तो ब्लॉक त्या पंधरवड्यात सरासरी चौदा मिनिटांनी येत होता, आणि वाईट दिवशी वीस मिनिटांच्याही पुढे जात होता. कारण उघड होते. २१ मे रोजी चीनच्या केंद्र सरकारने मायनिंगवर, म्हणजे यंत्रे लावून हे ब्लॉक काढण्याच्या धंद्यावर, कारवाईची घोषणा केली. इनर मंगोलिया, शिनजियांग अशा प्रांतांत यंत्रे बंद होऊ लागली आणि १८ जूनला सिचुआनमध्येही तोच आदेश निघाला. जगातली निम्म्याच्या आसपास मायनिंगची ताकद महिना-दीड महिन्यात बंद पडली.

अशी मोठी घसरण झाली की एक सूचना हमखास पुढे येते: डिफिकल्टी, म्हणजे ब्लॉक काढण्याची काठिण्यपातळी, बदलायला दोन-दोन आठवडे कशाला थांबायचे? ब्लॉक फारच उशिरा येऊ लागले तर ती आपोआप, ताबडतोब उतरवणारा नियम बिटकॉइनमध्ये का घालू नये? ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. माझ्या मते बिटकॉइनपुरती ही सूचना चुकीची आहे, आणि तिचे काय होते हे दुसऱ्या नाण्यांच्या ब्लॉक-साखळ्यांवर आधीच दिसलेले आहे.

आधी यंत्रणा नीट पाहू, कारण या वादातला बराचसा गोंधळ तिथेच होतो. मायनिंग यंत्र ब्लॉकचे ८० बाइटचे हेडर घेते, त्यावर SHA-256 हे गणिती सूत्र दोनदा चालवते आणि येणारी प्रचंड संख्या ठरलेल्या टार्गेटपेक्षा मोठी आहे की नाही तेवढे बघते. मोठी असेल तर हेडरमधला एखादा आकडा बदलून पुन्हा तेच. टार्गेट जितके लहान तितके असंख्य प्रयत्न वाया जाणार. डिफिकल्टी म्हणजे सर्वांत सोप्या टार्गेटच्या तुलनेत आजचे टार्गेट किती पट लहान आहे तो आकडा. डिफिकल्टी १ असेल तर एका ब्लॉकसाठी सरासरी २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी प्रयत्न लागतात. आजच्या डिफिकल्टीला या आकड्याने गुणले की एका ब्लॉकमागचे सरासरी प्रयत्न मिळतात.

जगात किती यंत्रे चालू आहेत हे बिटकॉइनला माहीतच नसते. मोजायची सोयही नाही. बातम्यांत हॅशरेट म्हणून जो आकडा येतो तो डिफिकल्टी आणि ब्लॉकच्या गतीवरून उलटा काढलेला अंदाज असतो. साखळीला दिसतात फक्त ब्लॉकवर लिहिलेल्या वेळा. दर २०१६ ब्लॉकनंतर प्रत्येक नोड, म्हणजे साखळीची प्रत ठेवून नियम तपासणारा संगणक, त्या टप्प्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या ब्लॉकच्या वेळांची वजाबाकी करतो आणि ती दोन आठवड्यांशी, म्हणजे १२,०९,६०० सेकंदांशी ताडून पाहतो:

```
नवे टार्गेट = जुने टार्गेट × प्रत्यक्ष सेकंद / 1209600
```

एवढाच नियम. सोबत एक लगाम आहे: एका वेळी टार्गेट चौपटीपेक्षा जास्त वाढत नाही आणि चौथ्या भागाच्या खाली उतरत नाही. कुठलीही समिती बसत नाही आणि मतदानही होत नाही. प्रत्येक नोड तीच वजाबाकी करतो, त्यामुळे सगळ्यांचे उत्तर सारखेच येते.

आता २०२१ चा तो टप्पा आकड्यांत पाहू. ६,८७,४५६ ते ६,८९,४७१ या २०१६ ब्लॉकना चौदा दिवस लागायला हवे होते. लागले एकोणीस दिवसांहून अधिक, सुमारे १६ लाख ७८ हजार सेकंद. भागाकार केला तर टार्गेट १.३८८ पट वाढायला हवे. ३ जुलै २०२१ ला ६,८९,४७२ व्या ब्लॉकवर नेमके तेच झाले. डिफिकल्टी १९.९३ लाख कोटींवरून १४.३६ लाख कोटींवर आली, म्हणजे २७.९४ टक्क्यांनी घटली. इतिहासातली ही सर्वांत मोठी उतरण. ज्याच्याकडे स्वतःचा नोड आहे त्याला हे दोन मिनिटांत पडताळून पाहता येईल:

```
bitcoin-cli getblockhash 687456
bitcoin-cli getblockhash 689471
bitcoin-cli getblockheader <hash>
```

दोन्ही हेडरमधल्या `time` या आकड्यांची वजाबाकी करा, तिला १२,०९,६०० ने भागा, उत्तर हातात येते. कुणाच्या आलेखावर विसंबायला नको.

या एकोणीस दिवसांत नक्की कुणाचे काय बिघडले, हे विचारायला हवे. ज्यांची यंत्रे चीनबाहेर चालूच होती त्यांचे उत्पन्न या काळात घटले, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. सेकंदाला ९५ लाख कोटी प्रयत्न करणारे, त्या काळातले एक चांगले यंत्र घ्या. १९.९३ लाख कोटी डिफिकल्टीला आणि दर ब्लॉकमागे ६.२५ बिटकॉइनच्या बक्षिसाला ते दिवसाला सरासरी सुमारे ०.०००६० बिटकॉइन मिळवणार. या हिशेबात बाकीची यंत्रे किती आहेत हा आकडा कुठे येतच नाही. निम्मे स्पर्धक गेले तर आपला वाटा दुप्पट होतो, पण एकूण ब्लॉक निम्मे होतात. गुणाकार तिथल्या तिथे. डिफिकल्टी उतरली त्या दिवशी मात्र त्याच यंत्राचे उत्पन्न ०.०००८३ वर गेले, सुमारे ३९ टक्के वाढ, विजेच्या बिलात एक पैसाही न वाढता. बंद गोदामात पडलेली जुनी यंत्रे पुन्हा चालवणे त्यामुळे परवडू लागले. टेक्सास, कझाकस्तान अशा ठिकाणी यंत्रे हलली आणि वर्ष संपायच्या सुमारास एकूण ताकद पूर्वपदावर आली.

तेव्हा टिकलेल्या मायनरना फटका नव्हता. त्रास होता व्यवहार करणाऱ्यांना: थांबण्याचा वेळ चौदाव्या मिनिटापर्यंत लांबला. हा त्रास खरा आहे, पण किती मोठा? ज्याला सहा ब्लॉकची खातरी हवी त्याला तासाऐवजी सव्वा तासाहून थोडे अधिक थांबावे लागले. एवढ्यासाठी सगळ्यांच्या पैशाचे घड्याळ ज्या नियमावर चालते त्याला हात घालायचा का, हा खरा प्रश्न आहे.

घाईच्या नियमाविरुद्धचे पहिले कारण साधे गणिताचे आहे. ब्लॉक सापडणे हा नशिबाचा खेळ आहे. ताकद अगदी स्थिर असली तरी दोन ब्लॉकमधले अंतर सारखे नसते. तासाभरात एकही ब्लॉक आला नाही असे दर चारशे ब्लॉकमध्ये एकदा, म्हणजे साधारण तीन दिवसांतून एकदा, काहीही बिघडलेले नसताना होते. मग साठ मिनिटे ब्लॉक आला नाही यावरून काय निष्कर्ष काढायचा? काहीच नाही. सहा ब्लॉकच्या वेळेवरून ताकदीचा अंदाज केला तर तो निव्वळ नशिबापायी ४० टक्क्यांच्या आसपास चुकू शकतो. १४४ ब्लॉक, म्हणजे एका दिवसाचे घेतले तर चूक ८ टक्क्यांवर येते, आणि २०१६ घेतले तर सव्वादोन टक्क्यांवर. दोन आठवड्यांची वाट म्हणजे आळस नव्हे. नशीब आणि वस्तुस्थिती वेगळी करायला तेवढे नमुने लागतात.

दुसरे कारण वेळेच्या शिक्क्याचे. ब्लॉकवरची वेळ मायनर स्वतः लिहितो. तिच्यावर बंधने दोनच आहेत: मागच्या अकरा ब्लॉकच्या मध्यक वेळेपेक्षा ती पुढची हवी आणि नोडच्या घड्याळापेक्षा दोन तासांहून अधिक पुढे नको. म्हणजे दोन तासांची थाप सहज खपते. दोन आठवड्यांच्या मोजमापात दोन तास म्हणजे ०.६ टक्के, कुणी लक्षही देणार नाही. पण सहा ब्लॉकच्या, एका तासाच्या मोजमापात तीच थाप एका तासाचे तीन तास करून दाखवते. एप्रिल २०१८ मध्ये व्हर्ज नावाच्या साखळीचे असेच झाले. तिथे डिफिकल्टी दर ब्लॉकला बदलत होती. हल्लेखोराने ब्लॉकवर जुन्या वेळांचे खोटे शिक्के मारले, साखळीला वाटले ब्लॉक फार उशिरा येताहेत, डिफिकल्टी कोसळली आणि त्याने धडाधड नाणी काढून घेतली.

तिसरे कारण सर्वांत बोलके आहे, कारण नेमकी हीच सूचना एका मोठ्या साखळीने अमलात आणली होती. १ ऑगस्ट २०१७ ला बिटकॉइन कॅश बिटकॉइनपासून फुटली. डिफिकल्टी बिटकॉइनचीच होती, यंत्रे मात्र अगदी थोडी सोबत आली. दोन आठवड्यांच्या नियमावर ती जागच्या जागी थिजली असती, म्हणून त्यांनी आणीबाणीचा नियम घातला: सहा ब्लॉकना बारा तासांहून जास्त वेळ लागला की डिफिकल्टी २० टक्क्यांनी उतरवायची, आणि ही अट पुरी होत राहील तोवर प्रत्येक ब्लॉकला उतरवत राहायची. चढायची वाट मात्र जुनीच ठेवली, २०१६ ब्लॉकची.

पुढे काय झाले ते ओळखणे अवघड नाही. बिटकॉइन आणि बिटकॉइन कॅश एकाच यंत्रावर निघतात; मायनरने एक सेटिंग बदलले की झाले. डिफिकल्टी जास्त असली की सगळे बिटकॉइनकडे जात. कॅशचे ब्लॉक थांबले की आणीबाणीचा नियम लागू होई, डिफिकल्टी पायरीपायरीने खाली येई, आणि ती पुरेशी स्वस्त झाली की सगळे एकदम परतत. मग तासाला सहाऐवजी कित्येक पट ब्लॉक निघत. २०१६ ब्लॉक काही दिवसांत संपत, डिफिकल्टी उसळी घेई, आणि मायनर पुन्हा पळत. डिफिकल्टी पाडण्यासाठी मुद्दाम बाजूला बसणे हा फायद्याचा धंदा झाला होता. १३ नोव्हेंबरला हा नियम काढून टाकला तोवर साडेतीन महिन्यांत सुमारे २५ हजार ब्लॉक निघाले होते. निघायला हवे होते १५ हजार. साखळी ठरलेल्या वेळापत्रकाच्या १० हजार ब्लॉक पुढे गेली आणि त्या प्रमाणात नवी नाणीही वेळेआधीच बाजारात आली. दहा मिनिटांची लय सांभाळण्यासाठी घातलेल्या नियमाने लयच मोडली.

इथे दोष केवळ वेगाचा नव्हता. उतरायला लिफ्ट आणि चढायला जिना अशी ती रचना होती. जो नियम एका दिशेला झटपट आणि दुसऱ्या दिशेला सावकाश चालतो, त्याच्या फटीत उभे राहून कमाई करणारा कुणीतरी भेटतोच. आणि त्यात काही बेकायदेशीरही नसते. मायनर नियमात राहूनच खेळत होते.

खुद्द बिटकॉइनच्या चाचणी साखळीवरही असे एक बटण आहे, त्याची दुर्दशा कमी लोकांना ठाऊक असते. तिसऱ्या टेस्टनेटवर वीस मिनिटांत ब्लॉक आला नाही तर पुढचा ब्लॉक डिफिकल्टी १ ने काढता येतो. प्रोग्रॅमरना साध्या संगणकावर काम करता यावे, हा चांगला हेतू. पण २०१६ च्या टप्प्यातला नेमका शेवटचा ब्लॉक असा सवलतीचा निघाला, की पुढच्या टप्प्याचा हिशेब त्या १ वरूनच सुरू होतो. मग कुणीतरी मोठे यंत्र लावले की हजारो ब्लॉकचा लोंढा. त्या साखळीची उंची मुख्य साखळीच्या तिपटीपेक्षा जास्त झाली, आणि २०२४ मध्ये चौथे टेस्टनेट काढून हा हिशेब दुरुस्त करावा लागला. तिथल्या नाण्यांना किंमत नाही म्हणून ते हसण्यावारी गेले.

समोरच्या बाजूचा सर्वांत जोरदार मुद्दा मात्र टाळता येणार नाही. समजा, डिफिकल्टी नुकतीच बदलली आणि दुसऱ्याच दिवशी ९० टक्के ताकद गेली. मग ब्लॉक शंभर मिनिटांनी येणार आणि टप्पा संपायला १४० दिवस लागणार. तो संपला तरी चौपटीचा लगाम आहे. अंतर पंचवीस मिनिटांवर येईल, आणि आणखी ३५ दिवसांनी कुठे दहावर. जवळपास सहा महिने पांगळेपणाचे. २०२१ ची घसरण याच्या जवळपासही नव्हती, हे खरे. पण ते पुरेसे उत्तर नाही.

माझे उत्तर असे. SHA-256 ची यंत्रे दुसरे काही करू शकत नाहीत, आणि त्या यंत्रांना मिळणाऱ्या एकूण उत्पन्नातला जवळजवळ सगळा भाग बिटकॉइनमधूनच येतो. बिटकॉइन सोडून ९० टक्के यंत्रांनी जायचे कुठे? कॅशकडे गेली तर तिथली डिफिकल्टी लगेच आकाशाला भिडेल. यंत्र बंद करणे एवढाच पर्याय उरतो, आणि तो किंमत भयंकर कोसळल्याशिवाय कुणी घेत नाही. शिवाय ब्लॉक कमी झाले की त्यातली जागा महागते, व्यवहाराचे शुल्क चढते आणि थांबलेल्यांना थोडे जास्त मिळू लागते. तरीही तसा दिवस आलाच, तर ती खरोखरची आणीबाणी असेल आणि डिफिकल्टी एकदा हाताने उतरवायची की नाही हे माणसांनी जाहीरपणे ठरवावे. दुर्मिळ संकटासाठी रोज फसवता येईल असे बटण कायमचे बसवून ठेवणे हा महागाचा सौदा आहे.

म्हणूनच मी ‘बिटकॉइनपुरती’ असे म्हटले. आपल्या यंत्रांच्या जातीत जी साखळी धाकटी आहे, तिला सावकाशीची चैन परवडत नाही. शेजारच्या मोठ्या साखळीचा भाव दुपारी हलला की तिची ताकद संध्याकाळपर्यंत दुप्पट किंवा निम्मी होते. कॅशवाल्यांनी २०१७ च्या नोव्हेंबरात १४४ ब्लॉकची सरकती सरासरी लावली. तीही डोलत राहिली, कारण घाईघाईने निघालेला ब्लॉकचा गठ्ठा १४४ ब्लॉकनंतर सरासरीतून बाहेर पडताना पुन्हा धक्का देई. अखेर १५ नोव्हेंबर २०२० पासून त्यांनी वेगळाच नियम घेतला. त्यात सरासरी नाही. एका ठरलेल्या ब्लॉकपासून आजवर किती ब्लॉक निघायला हवे होते आणि किती वेळ गेला, एवढाच फरक दर ब्लॉकला पाहतात. वेळापत्रकाच्या दोन दिवस मागे पडलात तर डिफिकल्टी निम्मी, दोन दिवस पुढे गेलात तर दुप्पट, आणि मधल्या प्रत्येक दहा मिनिटांना साधारण पाव टक्का. चढण आणि उतरण सारखीच, त्यामुळे फट नाही. धाकट्या साखळीसाठी हा उत्तम नियम आहे.

त्याची एक गोष्ट बिटकॉइनकडे नाही, हेही मान्य करू. बिटकॉइनचा नियम गेलेला वेळ भरून काढत नाही. तो फक्त पुढचा टप्पा दहा मिनिटांवर आणायचा प्रयत्न करतो. ताकद वाढत असताना तो कायम एक पाऊल मागे असतो आणि ब्लॉक जरा लवकरच येत राहतात. पहिल्या ब्लॉकपासून ८,४०,००० व्या ब्लॉकपर्यंत ५,८३३ दिवस लागायला हवे होते. ३ जानेवारी २००९ पासून २० एप्रिल २०२४ पर्यंत लागले ५,५८६. पंधरा वर्षांत सगळी ताकद अक्षरशः कोट्यवधी पटींनी वाढली आणि वेळापत्रक चुकले ते २४७ दिवसांनी, सव्वाचार टक्क्यांनी. बिघाड म्हणावा असा हा आकडा मला तरी वाटत नाही.

दुरुस्तीच करायची तर ती दुसरीकडे हवी आहे. वर पहिल्या आणि शेवटच्या ब्लॉकची वजाबाकी म्हटले. २०१६ ब्लॉकमध्ये अशी अंतरे २०१५ च असतात. या एकाच्या चुकीने गतीत फरक पडतो तो सेकंदाच्या तिसऱ्या भागाचा, त्याचे काही नाही. पण त्यामुळे एका टप्प्याचा शेवटचा ब्लॉक आणि पुढच्याचा पहिला ब्लॉक यांमधला वेळ कुणीच मोजत नाही. निम्म्याहून अधिक ताकद हाती असलेला गट टप्पाभर जमेल तेवढ्या जुन्या वेळा लिहू शकतो, फक्त शेवटच्या ब्लॉकवर खरी वेळ टाकतो आणि पुढच्या टप्प्याच्या पहिल्या ब्लॉकवर पुन्हा जुनी. प्रत्येक टप्पा कागदावर लांबलचक दिसतो, डिफिकल्टी दर वेळी उतरत जाते, आणि काही आठवड्यांत ब्लॉक हवे तितके झटपट काढता येतात. मोठ्या साखळीवर हे आजवर कुणी केलेले नाही, पण दार उघडे आहे. BIP 54 या प्रस्तावात त्यावर एका ओळीचा उपाय आहे: नव्या टप्प्याच्या पहिल्या ब्लॉकची वेळ आधीच्या ब्लॉकपेक्षा दोन तासांहून अधिक मागची असता कामा नये. ज्यांना डिफिकल्टीच्या नियमात हात घालायची घाई आहे, त्यांनी आपली ताकद या ओळीमागे लावावी.